उंची, पाणी आणि पटकी: सहसंबंध गुणांक कसा वाचायचा आणि त्यावरून कारण का ठरत नाही

मी संख्याशास्त्र शिकवते. दर वर्षी एक गोष्ट ठरलेली असते. मुलं दोन रकाने भरतात, एक्सेलमध्ये सहसंबंध गुणांकाचं, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने वाढतात-घटतात ते मोजणारं, सूत्र टाकतात, ०.८ किंवा ०.९ असा आकडा येतो आणि लगेच खाली वाक्य येतं: "यामुळे हे घडते." आकडा बरोबर असतो, पण त्यातलं "मुळे" कुठून आलं हे विचारलं की वर्ग गप्प होतो. आकड्यात ते नव्हतं. ते लिहिणाऱ्याने घातलं.

हा फरक नीट कळावा म्हणून मी नेहमी एकच उदाहरण घेते: लंडनमधली १८४९ ची पटकीची साथ. पटकी म्हणजे कॉलरा. आपल्याकडे तिच्या धास्तीने गावोगाव मरीआईला साकडं घालायचे, तीच. या उदाहरणात गुणांक जबरदस्त येतो, आकडे मांडणारा माणूस अत्यंत हुशार आणि प्रामाणिक होता, आणि तरीही कारण चुकलं. चूक नेमकी कुठे झाली हे पायरीपायरीने दाखवता येतं, म्हणूनच ते शिकवायला चांगलं.

पहिली पायरी: आकडे समोर मांडा

विल्यम फार हे इंग्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी खात्यात काम करत. १८४८-४९ च्या साथीत लंडनमध्ये सुमारे १४ हजार माणसं पटकीने गेली. फार यांनी शहराचे भाग थेम्स नदीच्या भरतीच्या पातळीपासून किती उंच आहेत त्याप्रमाणे गट पाडले आणि प्रत्येक गटात दर १० हजार लोकांमागे किती मृत्यू झाले ते काढलं. १८५२ साली त्यांनी ते छापलं. १२० फुटांपर्यंतचे सहा गट असे:

| उंची (फूट) | दर १० हजारांमागे मृत्यू |
|---|---|
| ० ते २० | १०२ |
| २० ते ४० | ६५ |
| ४० ते ६० | ३४ |
| ६० ते ८० | २७ |
| ८० ते १०० | २२ |
| १०० ते १२० | १७ |

जसजसं वर जावं तसतसे मृत्यू कमी, आणि एकही गट ओळ मोडत नाही. फार यांना वाटलं, कारण हाती लागलं. त्या काळी बहुतेक डॉक्टर मानत की पटकी दूषित हवेतून पसरते. नदीकाठच्या गाळातून आणि सांडपाण्यातून ती हवा उठते, खाली दाट असते आणि वर विरळ होत जाते. तक्ता या समजुतीत चपखल बसला.

दुसरी पायरी: गुणांक एकदा हाताने काढा

फार यांच्याकडे सहसंबंध गुणांक नव्हता. ती कल्पना फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८८ मध्ये मांडली आणि कार्ल पिअर्सन यांनी पुढच्या दशकात तिला आजचं सूत्र दिलं. आपल्याकडे ते आहे, तर फार यांच्या तक्त्यावर लावून बघू. प्रत्येक गटाची उंची म्हणून त्याचा मधला आकडा घ्यायचा: १०, ३०, ५०, ७०, ९०, ११०.

उंचीची सरासरी ६० येते, मृत्यूंची ४४.५. आता प्रत्येक आकडा आपल्या सरासरीपासून किती दूर आहे ते लिहा आणि दोन्ही अंतरांचा गुणाकार करा.

| उंचीचं अंतर | मृत्यूंचं अंतर | गुणाकार |
|---|---|---|
| −५० | ५७.५ | −२८७५ |
| −३० | २०.५ | −६१५ |
| −१० | −१०.५ | १०५ |
| १० | −१७.५ | −१७५ |
| ३० | −२२.५ | −६७५ |
| ५० | −२७.५ | −१३७५ |

शेवटच्या रकान्याकडे जरा थांबून बघा, कारण गुणांकाचं सगळं मर्म तिथे आहे. एक आकडा सरासरीच्या खाली असताना दुसरा वर असेल, तर गुणाकार ऋण येतो. दोघे एकाच बाजूला असतील तर धन येतो. इथे सहापैकी पाच गुणाकार ऋण आहेत, म्हणजे उंची आणि मृत्यू एकमेकांच्या उलट चालतात. बेरीज येते −५६१०.

ही बेरीज एककावर अवलंबून असते. फुटांऐवजी मीटर घेतले तर बदलेल. म्हणून तिला दोन्ही रकान्यांच्या एकूण पसाऱ्याने भागतात. उंचीच्या अंतरांचे वर्ग करून बेरीज केली तर ७००० येते, मृत्यूंची ५४०५.५. दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ सुमारे ६१५१.

```
r = Σ(x−x̄)(y−ȳ) / √[ Σ(x−x̄)² · Σ(y−ȳ)² ]
r = −5610 / 6151 = −0.91
```

एक्सेलमध्ये उंची A2 ते A7 आणि मृत्यू B2 ते B7 मध्ये भरून हे टाकलं तरी तेच उत्तर येईल:

```
=CORREL(A2:A7,B2:B7)
```

तिसरी पायरी: आकडा वाचा, पण आलेखाशेजारी ठेवून

गुणांक नेहमी −१ आणि +१ यांच्या मध्ये असतो. चिन्ह दिशा सांगतं: धन असेल तर दोन्ही एकत्र वाढतात, ऋण असेल तर एक वाढताना दुसरं घटतं. आकार सांगतो की ठिपके एका सरळ रेषेच्या किती जवळ आहेत. शून्याजवळ आला तर सरळ रेषेसारखा संबंध दिसत नाही, एवढाच अर्थ. −०.९१ म्हणजे ठिपके खाली उतरणाऱ्या रेषेच्या बरेच जवळ. गुणांकाचा वर्ग केला तर ०.८३ येतो. म्हणजे सहा गटांच्या मृत्युदरात जो चढउतार आहे, त्यातला सुमारे ८३ टक्के भाग उंचीवरून काढलेल्या सरळ रेषेने जुळवता येतो. "जुळवता येतो" हे शब्द मी मुद्दाम वापरते. "उंचीने घडवला" असा त्याचा अर्थ नाही.

रेषा किती तिरपी आहे हे मात्र गुणांक सांगत नाही. ते वेगळं काढावं लागतं: −५६१० भागिले ७०००, म्हणजे दर फुटामागे सुमारे ०.८ मृत्यू कमी. तीच रेषा पुढे वाढवून बघा. ११६ फुटांच्या आसपास ती शून्याला पोचते आणि त्यापुढे मृत्यू ऋण होऊ लागतात. लंडनचा हॅम्पस्टेड हा भाग सुमारे ३५० फुटांवर आहे, तिथे ही रेषा दर १० हजारांमागे उणे १८८ मृत्यू सांगते! गुणांक ०.९ च्या वर आहे आणि रेषा अशक्य उत्तर देते आहे.

आलेख काढला असता तर हे आधीच दिसलं असतं. ठिपके सरळ रेषेत नाहीत, वाकलेले आहेत: आधी कडा कोसळावी तसे झपकन उतरतात, मग सपाट होत जातात. गुणांकाला वाक दिसत नाही, तो फक्त सरळपणा मोजतो. फार यांना मात्र वाक दिसला होता. त्यांनी सरळ रेषा घेतलीच नाही. उंचीच्या पहिल्या गटात १०२ मृत्यू, तर दुसऱ्या गटात त्याचे अर्धे, तिसऱ्यात एक तृतीयांश, असा नियम त्यांनी बांधला: १०२, ५१, ३४, २६, २०, १७. प्रत्यक्ष आकड्यांशेजारी ठेवून बघा, दुसरा गट सोडला तर जवळजवळ तंतोतंत. उंचीऐवजी १, १/२, १/३ असे अपूर्णांक घेऊन मी गुणांक काढला तर तो ०.९९ येतो.

म्हणजे फार यांनी तंत्राच्या बाजूने काहीच कच्चं ठेवलं नव्हतं. आकडा ०.९१ वरून ०.९९ झाला, आणि कारण होतं तिथेच राहिलं, चुकीचं.

आणखी दोन तपासण्या इथेच करून घ्याव्यात. पहिली, एखादा एकटा ठिपका सगळा गुणांक ओढत नाही ना? १०२ वाला गट काढून उरलेल्या पाचांवर हिशोब केला तर −०.९० येतो. म्हणजे नाही. दुसरी, ठिपके किती आहेत? निव्वळ योगायोगानेही गुणांक मोठा येऊ शकतो, आणि ठिपके जितके कमी तितका सहज. योगायोगाने एवढा गुणांक येण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असावी, अशी नेहमीची कसोटी असते; सहा ठिपके असतील तर तिला उतरायला तो ०.८१ च्या पुढे लागतो, शंभर असतील तर ०.२ पुरतो. आपला ०.९१ उतरतो. पण ही कसोटी फक्त योगायोगाबद्दल बोलते, कारणाबद्दल नाही.

चौथी पायरी: सरासरीच्या आत काय दडलंय ते शोधा

तक्त्यातला प्रत्येक आकडा अनेक भागांची सरासरी आहे. सरासरी घेतली की आतला विस्कळीतपणा पुसला जातो आणि गुणांक फुगतो. गावांच्या, तालुक्यांच्या किंवा देशांच्या सरासऱ्यांवर काढलेला गुणांक माणसांना लावू नये, तो याचसाठी.

जॉन स्नो या लंडनच्या डॉक्टरने नेमकं आत डोकावून पाहिलं. ब्रिक्स्टन हा भाग थेम्सच्या दक्षिणेला, ५६ फूट उंचीवर. त्याच्या गटाची सरासरी ३४, पण ब्रिक्स्टनमध्ये दर १० हजारांमागे ५५ मृत्यू झाले होते. उलट नदीच्या उत्तरेला त्याच्या निम्म्याहूनही कमी उंचीवर असे कितीतरी भाग होते, जिथे मृत्यू ब्रिक्स्टनच्या एक तृतीयांशही नव्हते. स्नो यांनी आणखी दाखवलं की वुल्व्हरहॅम्प्टन, मर्थर टिडव्हिल अशी उंचावरची गावं पटकीने पोळली होती. लंडनमध्ये मात्र बेथलेम हॉस्पिटल, क्वीन्स प्रिझन, हॉर्समंगर लेन जेल या इमारती अगदी सखल जागेत, चारी बाजूंनी साथ, तरी जवळजवळ सुटल्या. त्यांच्या आवारात स्वतःच्या खोल विहिरी होत्या.

माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच. रेषेवर बसणारे ठिपके तुमचं मत पक्कं करतात, पण माग लागतो तो न बसणाऱ्यांवरून. तुमच्या आकड्यांतही जे दोन-चार ठिपके रेषेपासून सर्वांत लांब आहेत, त्यांची नावं काढा आणि त्यांच्यात काय समान आहे ते विचारा.

पाचवी पायरी: एकाच गुणांकामागच्या वेगवेगळ्या कथा लिहून काढा

दोन गोष्टी बरोबर चालतात, तेव्हा त्यामागे काय काय असू शकतं? पहिलीमुळे दुसरी. दुसरीमुळे पहिली. तिसऱ्याच एखाद्या गोष्टीमुळे दोन्ही, किंवा पहिली ही त्या तिसऱ्या गोष्टीची नुसती खूण. नाहीतर योगायोग, किंवा आकडे निवडतानाच झालेली गडबड. गुणांक या सर्व कथांमध्ये हुबेहूब तोच येतो. सूत्र परत बघा, त्यात x आणि y यांची अदलाबदल केली तरी उत्तर बदलत नाही. ज्या आकड्याला x कोण आणि y कोण हेच माहीत नाही, तो कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे सांगणार कसं?

लंडनच्या बाबतीत उलटी दिशा शक्य नाही, मृत्यू वाढले म्हणून जमीन खचत नाही. योगायोगही पटत नाही. राहिल्या दोन कथा: उंची आणि हवा, किंवा तिसरी गोष्ट. तिसरी गोष्ट म्हणजे पाणी. सखल भाग नदीला लागून होते, तिथली गटारं नदीत जात, उथळ विहिरीत झिरपत, आणि दक्षिणेकडच्या कंपन्या तीच थेम्स उपसून नळाने घरोघर देत. उंचावरच्या बऱ्याच भागांना पाणी दुसरीकडून येई. या कथेत उंची हा पाणी कुठून येतं याचा जवळजवळ पत्ताच ठरतो.

इथे एक सापळा आहे आणि विल्यम फार त्यातच सापडले. "संबंध आहे आणि तो कसा घडतो याचं स्पष्टीकरणही आहे, मग अजून काय हवं?" असं वाटतं. पण दूषित हवेची कथाही स्पष्टीकरणच होतं, सुसंगत आणि त्या काळच्या शास्त्राला धरून. पटेल अशी कथा रचणं सोपं असतं. म्हणून मी मुलांना एकच प्रश्न विचारायला सांगते: एक गोष्ट हाताने बदलली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर काय होईल? तेच घर टेकडीवर नेलं पण पाणी तेच दिलं, तर? घर जागच्या जागी ठेवून फक्त नळाचं पाणी बदललं, तर? दोन कथा इथे वेगळी उत्तरं देतात. जिथे त्या वेगळ्या होतात तिथेच पुरावा शोधायचा.

सहावी पायरी: एक गोष्ट वेगळी आणि बाकी सारखी, अशी जागा शोधा

माणसांवर असा प्रयोग कोण करणार? स्नो यांना तो झालेला सापडला. दक्षिण लंडनच्या मोठ्या पट्ट्यात साउथवर्क अँड वॉक्सहॉल आणि लँबेथ या दोन पाणी कंपन्यांचे नळ एकाच गल्लीत शेजारी शेजारी गेले होते. जुन्या स्पर्धेतून कुणाच्या घरी एक, कुणाच्या घरी दुसरी. १८४९ मध्ये दोघीही शहरातल्या घाण थेम्सचंच पाणी देत. १८५२ मध्ये लँबेथने आपला उपसा वरच्या अंगाला, थेम्स डिटनला हलवला. दुसरी कंपनी बॅटरसीलाच राहिली. १८५४ मध्ये पटकी परत आली. आता तीच गल्ली, तीच उंची, तीच हवा, श्रीमंत-गरीब दोघांकडे दोन्ही कंपन्या, आणि वेगळं होतं फक्त पाणी. स्नो यांच्या अंदाजाने यात तीन लाखांहून कमी माणसं नव्हती, आणि बहुतेकांनी ही निवड स्वतः केलेली नव्हती.

मृत्यू झालेल्या घरांचे पत्ते नोंदणी खात्यातून, म्हणजे फार यांच्याकडूनच मिळाले. दारोदार जाऊन विचारलं तर भाडेकरूंना कंपनीचं नावच माहीत नसे, पाणीपट्टी घरमालक भरायचा. मग स्नो यांनी छोट्या बाटलीत त्या घरचं पाणी घेतलं, बाटलीवर पत्ता लिहिला आणि घरी येऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट घातलं. बॅटरसीच्या पाण्यात लँबेथच्या पाण्याच्या सुमारे ४० पट मीठ होतं, त्यामुळे ते दुधासारखं पांढरं होई. लँबेथचं जेमतेम गढुळायचं. घरात राहणाऱ्याला न विचारताही कंपनी कळायची.

साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशोब असा निघाला. साउथवर्क अँड वॉक्सहॉलची ४०,०४६ घरं, १,२६३ मृत्यू, म्हणजे दर १० हजार घरांमागे ३१५. लँबेथची २६,१०७ घरं, ९८ मृत्यू, दर १० हजार घरांमागे ३७. साडेआठ पट फरक, आणि उंची सारखीच.

काळाच्या अंगानेही पडताळा मिळाला. ज्या उपविभागांत फक्त साउथवर्क अँड वॉक्सहॉलचं पाणी होतं, तिथे १८४९ मध्ये २,२६१ मृत्यू आणि १८५४ मध्ये २,४५८. दोन्ही कंपन्या होत्या तिथे ३,९०५ वरून २,५४७. पाणी बदललं तिथे घट, बदललं नाही तिथे नाही.

या पुराव्यालाही मर्यादा होत्या. भागाकार घरांवर आहे, माणसांवर नाही, आणि एका कंपनीच्या घरांत माणसं जास्त असती तर दर थोडा बदलला असता. पण साडेआठ पट फरक त्याने भरून निघायला घरटी माणसंही तेवढ्याच पटीने जास्त लागली असती. कोणती शंका किती मोठी असेल तर निष्कर्ष कोसळेल, हे असं आकड्यात मांडून बघायची सवय लावून घ्या.

सातवी पायरी: वाक्य लिहिताना

मराठीत "मुळे" हा इतका हलका प्रत्यय आहे की तो लिहिताना आपण काही दावा करतोय हे जाणवतच नाही. "उंचीमुळे मृत्यू कमी झाले" आणि "उंच भागात मृत्यू कमी होते" या दोन वाक्यांत थोड्याच शब्दांचा फरक दिसतो, पण पहिल्यासाठी सहाव्या पायरीचा पुरावा लागतो आणि दुसऱ्यासाठी तिसऱ्या पायरीचा पुरतो. अहवाल लिहून झाला की मी त्यात "मुळे", "परिणामी", "म्हणून", "वाढवते", "घटवते" हे शब्द शोधायला सांगते. प्रत्येक ठिकाणी विचारायचं: इथे आपल्याकडे गुणांक आहे की तुलना? फक्त गुणांक असेल तर वाक्य असं होतं: "या सहा गटांत उंची वाढते तसा मृत्युदर घटतो, r = −०.९१, संबंध वाकलेला आहे, आकडे गटांच्या सरासरीचे आहेत, पाण्याचा स्रोत वेगळा काढून पाहिलेला नाही." शेवटचा तुकडा लिहायला मुलं कचरतात, कारण त्याने काम अपुरं दिसतं असं त्यांना वाटतं. मी त्यालाच जास्त गुण देते.

स्नो १८५८ मध्ये वारले. १८६६ मध्ये पटकी पूर्व लंडनमध्ये आली तेव्हा फार यांनी मृत्यूंची वाटणी या वेळी पाणी कंपन्यांप्रमाणे केली. मृत्यू एकाच कंपनीच्या हद्दीत गोळा झालेले दिसले आणि त्यांनी पाण्याचं कारण आपल्या अहवालात मान्य केलं. उंचीचा १८५२ चा तक्ता त्यांना बदलावा लागला नाही, त्यातला एकही आकडा चुकलेला नव्हता.